तेरीज जुळली, पण

तेरजेचा कागद लांबडा असतो. डावीकडे खात्याचं नाव, मग खतावणीचं पान, मग नावे आणि जमा असे दोन रकाने. १९९४च्या एप्रिलमध्ये तालुक्याच्या गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात असा कागद मी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने भरला. आदल्या वर्षी बी.कॉम.ची परीक्षा देऊन मी दिवाणजींच्या हाताखाली लागलो होतो. दोन्ही रकान्यांच्या तळाशी बेरजा मांडल्या. नावे १८,४६,३१० आणि जमा १८,४५,७७०. फरक ५४०.

दिवाणजींनी कागद हातातही घेतला नाही. फरक तेवढा विचारला आणि म्हणाले, "आधी २७० शोध. नाही सापडलं तर नवाने भाग लाव."

या दोन्ही सांगण्यांमागे साधा हिशेब आहे. एखादी रक्कम जमेला जायची ती चुकून नावे पडली, तर एका बाजूला ती कमी होते आणि दुसऱ्या बाजूला वाढते, म्हणजे फरक तिच्या दुप्पट येतो. म्हणून फरकाचं अर्धं करायचं आणि त्या रकमेच्या नोंदी तपासायच्या. २७०ची एक नोंद मला हमाली खात्यात मिळाली, पण ती बरोबर बाजूला होती. मग नवाचा भाग. शेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिले गेले की येणाऱ्या फरकाला नवाने पूर्ण भाग जातो. ५४०ला जातो, ६० वेळा. ६० आलं म्हणजे शतक आणि दशक स्थानच्या आकड्यांची अदलाबदल झाली असावी आणि त्या आकड्यांत सहाचं अंतर असावं. दोन आणि आठ, एक आणि सात, तीन आणि नऊ अशा जोड्या धरून मी खतावणीची पानं उलटत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. एका गिऱ्हाइकाने उधारीपोटी १,८२० रुपये रोख दिले होते. रोकड वहीत ते १,८२०च होते. गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा करताना मी १,२८० लिहिले होते.

आकडा खोडला, शेजारी सही केली, बेरीज पुन्हा मारली. दोन्हीकडे १८,४५,७७०. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालाचाही झाला नव्हता. दिवाणजी चष्मा पुसत म्हणाले, "छान. आता चुका शोधायला लाग."

मला वाटलं, थट्टा करताहेत.

त्यांनी मग एक बिल समोर ठेवलं आणि त्याचा प्रवास सांगायला लावला. बिल आलं की ते खरेदीच्या, विक्रीच्या नाहीतर रोकडीच्या वहीत उतरतं. तिथून त्याला दोन फाटे फुटतात. एक फाटा एका खात्याच्या नावे जातो, दुसरा दुसऱ्या खात्याच्या जमेला. तेरीज या दोन फाट्यांच्या शेवटी उभी असते आणि एवढंच पाहते, की जेवढं या बाजूने आलं तेवढंच त्या बाजूनेही आलं का. तेरीज या शब्दाचा जुना अर्थही गोषवारा असाच आहे. पेशवाईच्या दफ्तरांत जमाखर्चाचे गोषवारे याच नावाने मिळतात. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथातही वही बंद करताना सगळ्या नावे रकमांची एक आणि सगळ्या जमा रकमांची एक अशा बेरजा मांडून त्या समोरासमोर ठेवायला सांगितलं आहे. पद्धत पाचशे वर्षांत फारशी बदललेली नाही, आणि तिच्या नजरेचा पल्लाही तेवढाच राहिला आहे.

माझी ५४०ची चूक फाटा फुटल्यानंतर, एकाच फाट्यावर झाली होती. म्हणून ती ओरडली. हीच चूक फाट्याच्या आधी झाली असती, म्हणजे रोकड वहीतच १,२८० लिहिले असते, तर दोन्हीकडे १,२८०च गेले असते आणि तेरीज गुपचूप जुळली असती. मात्र त्या दिवशी संध्याकाळी गल्ला मोजताना ५४० रुपये जास्त निघाले असते. रोखीच्या चुकीला गल्ला हा साक्षीदार असतो. उधारीच्या बिलाला तसा साक्षीदार दुकानात नसतो.

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही वह्यांपेक्षा वह्यांच्या बाहेरच जास्त होतो. मालाची शिल्लक मोजताना गोदामाच्या कोपऱ्यात पीव्हीसी पाइपांचे बंडल मिळाले. ते मी यादीत घेतले होते, किंमतही लावली होती. दिवाणजींनी विचारलं, "यांचं बिल कुठल्या पानावर?" बिल कुठल्याच पानावर नव्हतं. माल २८ मार्चला उतरला होता, बिल्टी खिळ्याला अडकवलेली होती आणि बिल ड्रायव्हरने दिलेल्या लिफाफ्यातच पडून होतं. रक्कम २६,४००. जी नोंद झालीच नाही तिचे फाटेही फुटत नाहीत, मग तेरीज काय बोलणार? पण शेवटची शिल्लक तेरजेत येत नाही, ती मोजून बाहेरून घेतली जाते. त्यामुळे माल शिल्लकीत धरला गेला आणि खरेदीत मात्र आला नाही. तसाच ताळेबंद केला असता, तर नफा सरळ २६,४०० रुपयांनी फुगला असता आणि त्यावर मालकांनी करही भरला असता.

दुसरी चूक खुद्द गिऱ्हाइकानेच आणून दिली. आमच्याकडे एकाच नावाआडनावाचे दोघे जण होते. आम्ही खात्यावर एकापुढे 'मळा' आणि दुसऱ्यापुढे 'स्टँड' असं लिहीत असू. मळ्यातले काका वर्षअखेरची बाकी विचारायला आले आणि ४,२०० ऐकून पायरीवरच बसले. म्हणाले, "दिवाळीला सगळं फेडलंय मी. जानेवारीत पत्रे नेलेच कुणी?" पत्रे स्टँडवाल्यांनी नेले होते. रक्कम बरोबर होती, बाजू बरोबर होती, माणूस तेवढा चुकला होता. तेरीज खात्याचं नाव वाचत नाही. नावे पडलेले ४,२०० कुणाच्या खात्यावर पडले, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आणि स्टँडवाले मात्र आपली बाकी कमी दिसते म्हणून तक्रार घेऊन कधीच आले नसते, हेही खरं.

नाव न वाचण्यातूनच निघालेली पण जास्त घातक चूक माझ्या अर्धवट समजुतीची होती. जूनमध्ये दुकानात नव्या लोखंडी मांडण्या बसवल्या होत्या. सुताराचं, रंगाचं, वेल्डिंगचं काम एकाच वेळी चाललेलं, तेव्हा मी मांडण्यांचे १८,५०० रुपयेही दुरुस्ती खात्यात नावे टाकले. दुरुस्ती हा त्या वर्षाचा खर्च. मांडणी वर्षानुवर्षं राहणारी मालमत्ता, तिचं नाव फर्निचर खात्यात हवं. फर्निचरवर आम्ही १० टक्के घसारा धरत असू, म्हणजे त्या वर्षी खर्चात १,८५० जायला हवे होते, गेले होते १८,५००. नफा १६,६५० रुपयांनी कमी दिसत होता. दोन्ही खाती नावे बाकीचीच, त्यामुळे तेरजेची बेरीज जशीच्या तशी. अशी चूक बेरजेने सापडत नाही. दुरुस्ती खातं उघडून एकेक ओळ वाचायची आणि गेल्या वर्षीच्या रकमेशी ताडून पाहायची, तर कळते. दिवाणजींनी तसंच केलं. गेल्या वर्षी सात हजारांच्या आत असलेला खर्च यंदा पंचवीस हजारांवर कसा गेला, एवढंच त्यांनी मला विचारलं.

फाट्यानंतर रकमेत झालेली असूनही गप्प राहिलेली एकच चूक निघाली, तीही दोघींच्या जोडीने. नोव्हेंबरच्या विक्री वहीत पान पुढे ओढताना बेरीज १,००० रुपयांनी कमी ओढली गेली होती. त्यामुळे विक्री खात्याची जमा हजाराने कमी. एकटी असती तर तेरजेने तिला धरलंच असतं. पण हमाली खात्याची बाकी काढतानाही माझ्याकडून नेमके हजारच कमी लिहिले गेले. जमा हजाराने कमी, नावे हजाराने कमी, झाली तोंडमिळवणी. गंमत म्हणजे नफाही बरोबरच येत होता. विक्री खोटी, हमाली खोटी, नफा तेवढा खरा. विक्रीकराच्या विवरणपत्रासाठी बिलांवरून वेगळी बेरीज केली होती, तिच्याशी विक्री खातं जुळेना, तेव्हा एक उघडी पडली. ती दुरुस्त करताच तेरीज हजाराने फाटली आणि दुसरीही बाहेर आली.

सगळ्या दुरुस्त्या करून पुन्हा कागद भरला. बिलाचे २६,४०० आणि हे १,००० दोन्ही बाजूंना वाढून बेरजा १८,७३,१७० झाल्या. आधीही जुळत होत्या, आताही जुळल्या.

आता माझ्या टेबलावर टॅली आहे. त्यात नावे आणि जमा सारखे झाल्याशिवाय व्हाउचर स्वीकारलंच जात नाही. फाटे यंत्रच फोडतं, बाकी यंत्रच काढतं. त्यामुळे ५४०सारखी चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. सुरुवातीच्या बाक्या भरतानाच काय तो फरक राहू शकतो आणि तो `Difference in opening balances` अशा वेगळ्या ओळीत समोर दिसतो. एरवी तेरीज कायम जुळलेलीच असते. नवी मुलं ती छापून माझ्याकडे आणतात, तेव्हा मी बेरजेकडे बघतही नाही. बँकेचा मेळ काढला का, हे विचारतो. दुरुस्तीचं खातं उघडायला लावतो. यादीतून चुकीचं नाव निवडणं माऊसच्या एका टिचकीचं काम आहे, वहीत निदान पान तरी उलटावं लागायचं.

त्या वर्षी दिवाणजींनी पाच मोठ्या व्यापाऱ्यांना पत्रं पाठवून आपली बाकी त्यांच्याकडून लेखी मागवली होती. पाचांच्या बाक्या जुळल्या. लहान व्यापाऱ्यांना पत्रं धाडली नव्हती, पोस्टाचा खर्चही बघावा लागे. जूनमध्ये त्यांतल्याच एका बिजागरीवाल्याचा खातेउतारा आला, त्यात आमच्याकडे ९०० रुपये जास्त दाखवले होते. बिल काढून पाहिलं. ७,६४०चं होतं. खरेदीच्या वहीत मी ६,७४० लिहिलं होतं, फाट्याच्या आधी, म्हणून दोन्हीकडे ६,७४०च गेले होते. तीच माझी जुनी खोड, उलटसुलट आकड्यांची.

ताळेबंद होऊन गेला होता, वह्या लाल बासनात बांधून वर ठेवल्या होत्या. दिवाणजींनी त्या खाली काढू दिल्या नाहीत. चालू वर्षाच्या रोजकीर्दीचं पान माझ्याकडे सरकवलं आणि सांगितलं, "खरेदी खाते नावे, बिजागरीवाल्याचे जमा. मागील वर्षाच्या बिलातील फरक, असं लिही." मी रक्कम अक्षरीही लिहिली. त्यांनी मान वर न करता विचारलं, "किती लिहिलंस?"

"नऊशे."

"वाचून दाखव."