रात्री दोनला फेल होणारी टेस्ट

टेस्टर नोकरी सोडून जातो तेव्हा त्याच्या हँडओव्हर नोटमध्ये बहुतेक वेळा फायली कुठे आहेत आणि लॉगिन कोणाकडे मागायचं, एवढंच असतं. मागे राहणाऱ्याला खरी गरज असते ती कोणत्या टेस्टवर किती भरवसा ठेवायचा हे कळण्याची.

प्रोग्रॅममध्ये नवा बदल केला की जुनं काही बिघडलं नाही ना, हे पाहणाऱ्या टेस्टच्या संचाला रिग्रेशन सूट म्हणतात. तो बहुधा रात्री आपोआप चालतो. त्यातल्या काही टेस्ट कोडला हातही न लावता कधी पास होतात, कधी फेल. त्या फ्लेकी. आपल्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये हा दोष कमीअधिक आढळतो, असं गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं.

समजा, बिल भरण्याच्या अ‍ॅपची एक टेस्ट पावतीवर आजची तारीख आहे का ते पाहते. रात्री दोनला ती फेल होते. सकाळी दहाला कोणीतरी पुन्हा चालवतो, तर पास. महिनाभरात सगळे तिच्याकडे दुर्लक्ष करायला लागतात. कारण मात्र अगदी साधं आहे. टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. अ‍ॅप पावतीवर भारतीय तारीख बरोबर छापतं आणि टेस्ट कालची शोधत बसते.

ही टेस्ट फ्लेकी नाहीच. ती रोज ठरावीक वेळी फेल होते. नोटमध्ये ती वेळ लिहिलेली हवी, आणि दोष कुणाचा हे ओळखायची खूणही: पावतीवर नवी तारीख असेल तर टेस्ट चुकली, जुनी असेल तर अ‍ॅप. सर्व्हरवर `TZ=Asia/Kolkata` लावलं की फेल होणं थांबेल, पण माझ्या मते तेवढ्यावर थांबू नये. टेस्टमधली वेळच १ एप्रिल, रात्री दोन अशी पक्की करावी. तेव्हा यूटीसीत अजून ३१ मार्च असतो. अ‍ॅप चुकलं तर पावती थेट मागच्या आर्थिक वर्षात जाईल. एवढ्या मोक्याच्या जागी असलेली टेस्ट कटकट म्हणून काढून टाकली, तर नुकसान ग्राहकाचं होतं.

सूट काय तपासत नाही, हेही लिहायलाच हवं. टेस्ट एन्व्हायर्न्मेंटमध्ये अनेकदा ओटीपी कायम एकच ठेवलेला असतो आणि एसएमएस पाठवलाच जात नाही. सगळ्या टेस्ट पास झाल्या तरी ग्राहकाला ओटीपी मिळतो की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून रिलीजच्या दिवशी खऱ्या फोनवर तो एकदा मागवून बघावा लागतो. आजवर ते काम कोण करत होतं आणि उद्यापासून कोणी करायचं, हे नोटमध्ये नावानिशी असावं.