काँक्रीटच्या छतास जड झुंबर

आपल्या निपाणी-बेळगावकडील जुन्या माळवदाच्या घरांत झुंबर तुळईस टांगीत. स्लॅबच्या घरात तशी सोय नसते. निपाणीस आमच्या दिवाणखान्यात 25 किलोचे झुंबर लावावयाचे होते. कारागिराने खालून भोक पाडून प्लॅस्टिकची गुल्ली व स्क्रू बसविण्याचे सुचविले. ते आम्ही मान्य केले नाही. स्लॅबच्या मध्यभागी खालच्या अंगास ताण असतो. तेथे बारीक चिरा पडतात व गुल्ली हळूहळू सैल होते.

स्लॅब ओतण्यापूर्वी ठरले असेल, तर वाकविलेल्या सळईचा हूक लोखंडी जाळीवर अडकवून काँक्रीटमध्येच गाडावा. आमचा स्लॅब जुना होता, परंतु वर गच्ची मोकळी होती. म्हणून सळया चुकवून आरपार भोक पाडले, 12 मिलिमीटर जाडीचा हूक वर काढला, आणि फरशी उकरून प्रत्यक्ष स्लॅबवर जाड पोलादी पत्रा ठेवून दोन नटांनी आवळला. वरून पाणी मुरू नये असा गिलावा केला.

मग वजनाच्या चौपट भार तासभर टांगून पाहिला. त्यास गव्हाची 50 किलोंची दोन पोती पुरली. व्यापाऱ्यास वजने शोधावी लागत नाहीत! हूक वाकला नाही, भोवती चीर दिसली नाही.

विजेच्या जोडाची पेटी हुकापासून वेगळी, स्वतःच्या स्क्रूंनी छतास पक्की केली. तारा सैल सोडल्या, म्हणजे सारा भार साखळीवरच राहतो. अर्थिंगची तार झुंबराच्या धातूस जोडली. साखळी ताणण्याआधीच तारा ताठ दिसल्या, तर झुंबर उतरवून तारा वाढवून घ्याव्यात.