टेलची पाळी

नीरा डाव्या कालव्याला 1885 साली पाणी आलं. तेव्हापासून बारामतीकडच्या रानात रात्री दारं धरणं सुटलेलं नाही. कालवा रात्री बंद ठेवता येत नाही, म्हणून पाळी दुपारी दोनला येते तशीच रात्री दोनलाही येते.

तात्यांची पाळी रात्री दोन ते सकाळी आठ. दोन एकर गहू, पेरून एकवीस दिवस झालेले. मुकुटमुळं फुटायच्या या वेळचं पाणी चुकलं तर पुढं कितीही दिलं तरी भरून निघत नाही. शेजपाळीत वाटप चारीच्या शेपटाकडून वर सरकतं, त्यामुळे खालचा गडी भिजवून उठला की पाणी तात्यांचं. सात नंबरचा अर्ज मंजूर झाला की पाटकरी पासावर दिवस आणि तास लिहून देतो. पासावर पाणी लिहिलेलं नसतं, तासच असतात, आणि सगळी भानगड इथंच आहे.

एक क्युसेक पाणी तासाभर सोडलं की एकरभर रानात इंचभर उभं राहतं. तीन इंची भिजवणीला एकरी तीन तास, म्हणून तात्यांना सहा. हा हिशोब धार कायम राहील असं धरून केलेला आहे. धार मोडली तरी घड्याळ थांबत नाही.

म्हणून तात्या बाराच्या ठोक्यालाच बांधावर येतात. दंडात एक काडी रोवून पाण्याच्या पातळीला खूण करतात. दीडला बॅटरी मारली तर खुणेखाली चार बोटं ओली माती दिसत होती. पाणी वरनं तुटलं होतं. तात्या फावडं खांद्याला टाकून चारीनं वर निघाले. तिसऱ्या बाऱ्याला झडप बंद होती, पण खालचा बोळा काढलेला, आणि पोरगं उसात उभं.

"पास हाय का रं?"

"दोनच सऱ्या राहिल्यात, मामा. घटकाभर."

"घटका माझी जातीया."

पोरानं गोणपाट कोंबलं, वर चिखल थापला. तोवर सव्वादोन झाले होते, आणि पूर्ण धार तात्यांच्या रानात पोचायला तीन वाजले. दोन ते तीन अर्धीच धार, म्हणजे अर्ध्या तासाचं पाणी गेलं. तीन इंचांच्या मापानं जवळपास पावणेसात गुंठे कोरडे.

पाटकऱ्याकडे तक्रार करता येते, पण तास परत मिळत नाहीत. पुढच्याचा पास आठलाच सुरू होतो. माझ्या मते या पद्धतीतली खरी न्यायव्यवस्था कागदाबाहेर आहे. आठला वरचा भाऊबंद आला तेव्हा तात्यांनी त्याला वाफा दाखवला. तो म्हणाला, "घ्या अर्धा तास. पुढच्या आवर्तनाला मला द्या, आणि त्या पोराच्या बापाला मी सांगतो." साडेआठला तात्यांनी स्वतः बारं फिरवून दिलं.