'आर.सी.टी. केली, गोळ्या दिल्या': एवढ्यावर गुण मिळत नाहीत

समजा, तारापूर एमआयडीसीत पाळीने काम करणारा बोईसरचा एक कामगार खालची दाढ दुखते म्हणून दंत महाविद्यालयात आला. विद्यार्थ्याने रूट कॅनाल केली आणि केस लिहिली. परीक्षक आधी कारण शोधतो. दाढेला थंड लागत नाही, ठोकल्यावर कळ येते आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळी छाया आहे, या तीन नोंदींवरून आतली नस मेली असे ठरते. नुसते 'दुखत होते' लिहिले तर उपचार अंदाजाने झाला असे वाटते. दाढ वाचवण्याजोगी होती का, हेही हवे: हिरडीच्या वर चहूबाजूंनी साधारण २ मिमी निरोगी दात उरला असेल, तर कॅप धरते. नसेल, तर काढण्याचा पर्याय रुग्णासमोर ठेवला होता का?

विद्यार्थी हमखास अडकतात ते अँटिबायोटिकवर. ताप नाही, सूज नाही, तरी पाच दिवसांच्या गोळ्या! मेलेल्या नसेपर्यंत रक्त पोहोचत नाही, मग औषध पोहोचणार कसे?

पुढच्या भेटींबाबत 'गरज पडल्यास या' ही योजना नव्हे. तात्पुरते सिमेंट झिजून लाळ आत शिरते, म्हणून कॅपची तारीख काही आठवड्यांतली आणि कामगाराच्या पाळीला जुळणारी हवी. वर्षाने पुन्हा एक्स-रे, कारण दुखणे थांबले तरी छाया तशीच राहू शकते. ती कमी होत गेली, तर वाट पाहायची. वाढली, तर पुन्हा उपचार.