गच्चीवरचा पाइप नेमका का फुटतो?

चंद्रपूर, अकोला, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो. गच्चीवर टाकीजवळ पाणी झिरपू लागलं की प्लंबर आणि घरमालक दोघांचंही निदान ठरलेलं असतं: ऊन लागलं. निदान खोटं नाही, पण अर्धं आहे. उन्हातले अतिनील किरण पाइपाची कातडी खराब करतात, तर उष्णता पाइपाला लांबवते आणि आखडवते. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. लोक बहुधा पहिल्यावर थोडंफार काही करतात. दुसऱ्याकडे कुणी बघतही नाही, आणि सांधे तर बहुतेक वेळा त्या दुसऱ्यामुळेच सुटतात.

आधी कातडीचं बघू. पांढरा यूपीव्हीसी असो की क्रीम रंगाचा सीपीव्हीसी, अतिनील किरण त्याच्या वरच्या थरातले रेणू तोडतात. पाइप पिवळट-तपकिरी होतो, बोट फिरवलं तर खडूसारखी भुकटी लागते. हा बिघाड फार खोल जात नाही. ब्लेडने हलकंसं खरवडलं की खाली मूळ रंग दिसतो. त्यामुळे पाण्याचा दाब सोसायची ताकद लगेच जात नाही. शिवाय गच्चीवरच्या टाकीखाली दाब असतो तरी किती? तीन मीटर खाली उतरलं तरी चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो. जाते ती धक्का सोसायची ताकद. नवा पाइप पायाखाली आला तर वाकून सरळ होतो, पाच-सहा उन्हाळे खाल्लेला काचेसारखा तडकतो. आणि विदर्भातल्या गच्चीवर धक्के द्यायला फक्त माणसंच येतात असं नाही. वानरांची टोळी येऊन गेली की तुटलेला एल्बो बघून पाइपाचं वय कळतं.

यावर उपाय सोपा: रंग. पण कुठला, यातच गडबड होते. घरात उरलेला ऑइलपेंट थिनर घालून फासला जातो. त्यातली द्रावकं सीपीव्हीसीला मऊ करतात, जिथे ताण असेल तिथे बारीक तडे पाडतात. वापरायचा तो बाहेरच्या भिंतींचा पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक इमल्शन, आणि तोही पांढरा किंवा अगदी फिका. गडद रंगाने पाइप जास्त तापतो. साबणाच्या पाण्याने पाइप धुवावा, बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा, वाळल्यावर दोन हात द्यावेत. पुन्हा भुकटी सुटू लागली की पुन्हा रंगवावा. पाइपावर नायट्रिल फोमची नळी चढवणार असाल तर एक लक्षात ठेवा: तो काळा फोम स्वतःच उन्हात चुरा होतो, त्यावर अॅल्युमिनियमचं वेष्टण हवंच. रंगाने पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही.

आता उष्णता. सीपीव्हीसी दर मीटरमागे, दर अंशाला साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटर वाढतो. आकडा क्षुल्लक वाटतो, म्हणून एक नेहमीची गच्ची घेऊ. टाकीपासून जिन्यापर्यंत कठड्यालगत एक इंची पाइप ९ मीटर सरळ गेला आहे. जानेवारीच्या पहाटे तो १२ अंशांवर असतो. मे महिन्यात दुपारी पाणी वाहत नसताना ६० अंशांपर्यंत तापू शकतो. फरक ४८ अंशांचा. गुणाकार केला की लांबीतला फरक येतो जवळपास ३ सेंटिमीटर! लोखंडी पाइप एवढ्याच तापमानात याच्या पाचव्या हिश्शाइतका हलतो, म्हणून जीआयच्या काळात कुणाला याची फिकीर करावी लागली नाही. हात त्याच सवयीचे राहिले आणि पाइप मात्र बदलला.

हे ३ सेंटिमीटर जाणार कुठे? दोन्ही टोकं जखडलेली आणि मध्ये दर तीन फुटांवर घट्ट क्लॅम्प असतील, तर उन्हाळ्यात पाइप धनुष्यासारखा बाहेर येतो आणि थंडीत सांध्यांना ओढतो. म्हणूनच डिसेंबरच्या पहिल्या कडाक्यात, पहाटे थेंब पडतात आणि दुपारी थांबतात. अशी गळती दिसली तर समजावं, पाणी आखडलेल्या सांध्यातून येतंय. मे महिन्यातल्या भर दुपारी, पाइप सर्वांत लांब असताना जोडलेला सांधा या ओढीला हमखास सापडतो. त्यात उन्हात सोल्युशन लावता लावताच सुकतं आणि आत कोरडा पट्टा राहतो. जोडणी सकाळी लवकर करावी, आणि सोल्युशन लावल्याबरोबर पाइप पाव फेरा फिरवून आत दाबून अर्धा मिनिट धरून ठेवावा.

मूळ उपाय म्हणजे पाइपाला हलायला जागा देणं. वरच्या ९ मीटरच्या पाइपाला मधोमध एक चौकोनी वळसा पुरतो: ३८ सेंटिमीटर बाहेर, १९ आडवं, ३८ परत, चार एल्बो लागतात. हा वळसा जमिनीशी समांतर, आडवाच घालायचा. कमानीसारखा उभा केला तर वरच्या भागात हवा अडकते आणि टाकीच्या तुटपुंज्या दाबाने ती निघत नाही. नळाची धार बारीक का झाली, हे मग कुणालाच उमगत नाही. वळशावर क्लॅम्प नको. सरळ भागावर दर तीन फुटांवर आधार हवाच, कारण तापलेला पाइप मऊ होऊन झोल खातो. पण क्लॅम्प इतका सैल असावा की पाइप आत सरकेल. बांधणीच्या तारेने आवळलेला पाइप सरकताना तिथेच कापला जातो.

टाकीच्या तोंडाशी तर दोन्हीकडून ओढाताण होते. टाकी भरली की तिची भिंत किंचित फुगते, रिकामी झाली की मागे जाते. आणि समोरून पाइप ढकलत असतो. मध्ये सापडतो टँक निपल. आटे जिथे सुरू होतात तिथे तडा जातो. खाली पांढरी क्षाराची रेघ दिसली तर गळती महिनोन्महिने चालू आहे असं समजा. उन्हात थेंब वाळतो, क्षार राहतो. निपलनंतर पाइप सरळ धावू न देता लगेच एक वळण घ्यावं, जवळ युनियन ठेवावा आणि बॉल व्हॉल्व्हचं ओझं निपलवर न टाकता खाली विटेचा आधार द्यावा. रबरी वायसर कडक झाला असेल तर पान्ह्याने आवळून काही होत नाही, तो बदलावा. प्लास्टिकच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप पुरते, ताग आणि सफेदा नको. जास्त आवळलेला एफटीए त्या दिवशी गळत नाही, काही दिवसांनी उभा चिरतो.

टाकीला मात्र रंग द्यायच्या फंदात पडू नये. पॉलिथिलिनवर तो टिकत नाही, पापुद्रे निघतात. काळ्या टाकीतलं काजळ तिला अतिनील किरणांपासून चांगलं वाचवतं. पाणी तापतं ही तक्रार असेल तर टाकीपासून फूटभर अंतर सोडून वर ग्रीन नेट ताणावी. त्याच सावलीत निपल आणि व्हॉल्व्हही आले तर उत्तम.

आणि पाइप आधीच ठिसूळ झाला असेल तर? दुरुस्तीत तो पाइप कात्रीने कापू नका. दाबाखाली जुना सीपीव्हीसी लांबवर चिरत जातो आणि ती चीर नव्या सॉकेटच्या आत लपून राहते. बारीक दातांच्या हॅक्सॉने कापा, टोकाला केसासारखी रेघ दिसते का ते बघा. दिसली तर आणखी वीतभर मागे जाऊन कापा. तिथेही रेघ असेल तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा उन्हातली ती पूर्ण लांबीच बदललेली बरी.