इनबॉक्स नसलेला पत्ता

गिटहबवरच्या चर्चेत कुणी नवं काही लिहिलं की त्या चर्चेत असलेल्यांना मेल जातो. बरेच जण मग संकेतस्थळ उघडण्याच्या फंदात पडत नाहीत. ते त्या मेललाच उत्तर देतात आणि थोड्याच वेळात ते उत्तर मूळ चर्चेत, योग्य जागी, त्यांच्या नावासह उमटतं. उत्तर कुठल्या पत्त्यावर गेलं हे पाहिलं, तर आधी `reply+`, मग अक्षरांची लांबलचक माळ आणि शेवटी `@reply.github.com` असं काहीतरी दिसतं. या पत्त्यामागे माणूस नाही. तिथे कुणी लॉगिन करून पत्रं वाचत बसत नाही. आलेलं पत्र एक प्रोग्रॅम उघडतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो.

गिटहबएवढा पसारा नसलेल्यांनाही ही सोय करता येते, ती सेंडग्रिड, मेलगन, पोस्टमार्क अशा मेलसेवांमुळे. एरवी स्वतःचा मेल सर्व्हर चालवावा लागतो, नाहीतर दर मिनिटाला एखाद्या इनबॉक्समध्ये डोकावून 'नवं काही आलं का' हे पाहणारा प्रोग्रॅम लिहावा लागतो. पहिल्यात कटकट फार, दुसऱ्यात उशीर आणि पासवर्डची भानगड. या सेवा मेल स्वतः स्वीकारतात, त्याचे पाठवणारा, विषय, मजकूर, जोडलेल्या फाइल असे भाग सुटे करतात आणि तुमच्या वेब अ‍ॅपच्या ठरलेल्या पत्त्यावर जसा एखादा भरलेला फॉर्म यावा तसा तो पाठवतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गृहनिर्माण सोसायटीने दुरुस्तीच्या तक्रारींसाठी छोटं अ‍ॅप केलं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या सदस्याने गळतीची तक्रार नोंदवली. सचिवांनी त्यावर 'प्लंबर शनिवारी येईल, चालेल का?' असं लिहिलं आणि अ‍ॅपने ते सदस्याला मेलने कळवलं. सदस्य फोनवरूनच उत्तर देतो: 'शनिवारी घरी कुणी नाही, रविवारी पाठवा.' हे वाक्य तक्रार क्रमांक ४१२ खाली जाऊन बसायला हवं.

पहिलं काम डोमेनच्या नोंदींत. कुठल्या डोमेनची पत्रं कोणत्या यंत्राकडे न्यायची, हे जगभरच्या मेल सर्व्हरना एमएक्स नोंद सांगते. पोस्टमार्क वापरायचं ठरलं तर ती अशी दिसेल:

```
uttar.example.com.  IN  MX  10  inbound.postmarkapp.com.
```

सुरुवातीचा `uttar` महत्त्वाचा आहे. ही नोंद मुख्य डोमेनवर केली, तर सचिव, खजिनदार आणि कार्यालय या सगळ्यांचीच पत्रं त्या क्षणापासून अ‍ॅपकडे वळतील. म्हणून अशा पत्रांसाठी वेगळा उपडोमेन राखून ठेवतात. त्यामागे सुरक्षिततेचंही एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आता सदस्याचं उत्तर आलं की सोसायटीच्या अ‍ॅपला साधारण पुढील मजकूर मिळतो. प्रत्यक्षात रकाने बरेच जास्त असतात. इथे कामाचे तेवढेच घेतले आहेत.

```json
{
  "From": "sadasya@example.org",
  "To": "takrar+k7f3q9@uttar.example.com",
  "MailboxHash": "k7f3q9",
  "Subject": "Re: तक्रार ४१२: गळती",
  "TextBody": "शनिवारी घरी कुणी नाही, ...",
  "MessageID": "b7bc2f4a-..."
}
```

यातला `MailboxHash` म्हणजे पत्त्यातल्या अधिक चिन्हानंतरचा तुकडा. अ‍ॅपने सदस्याला मेल पाठवतानाच 'उत्तर इथे द्या' म्हणून हा पत्ता त्यात घातला होता, आणि `k7f3q9` म्हणजे तक्रार ४१२ ही जोडी आपल्याकडे लिहून ठेवली होती. तक्रारीचा क्रमांक विषयातून शोधण्याचा मोह होतो, पण लोक विषय बदलतात, खोडतात, जुन्याच मेलला उत्तर देऊन नवीन तक्रार सांगतात. पत्ता सहसा कुणी हाताने बदलत नाही. पत्त्यात सरळ `412` लिहिणंही बरं नाही, कारण मग कुणीही `413` लिहून शेजाऱ्याच्या तक्रारीत डोकावू शकतो. अंदाज बांधता येणार नाही अशी, यापेक्षा बरीच लांब अक्षरं हवीत. इथे सहाच दाखवली आहेत ती वाचायला सोपी जावीत म्हणून.

विषयात 'तक्रार' हा शब्द देवनागरीत सरळ वाचता येतो, यामागेही सेवेचे कष्ट आहेत. मेलचे मूळ नियम १९८२ चे आहेत आणि ते इंग्रजी मुळाक्षरांपुरतेच होते. बाकीच्या लिप्यांची आणि जोडलेल्या फाइलींची सोय १९९२ मध्ये आलेल्या 'माइम' या नियमावलीने केली, तीही जुन्या चौकटीत बसेल अशीच. त्यामुळे आजही प्रवासात 'तक्रार' बऱ्याचदा असा असतो:

```
=?UTF-8?B?4KSk4KSV4KWN4KSw4KS+4KSw?=
```

बारकाईने पाहिलं तर त्यात दर चार अक्षरांची सुरुवात `4K` ने होते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना आणि हलन्तसुद्धा, इथे चार अक्षरांचं होतं. ही गुंडाळी उलगडण्याचं काम सेवा करते आणि खरं तर पैसे त्याचेच द्यायचे असतात. मात्र सगळ्यांची रीत एक नाही. सेंडग्रिड विषय यूटीएफ-८ मध्ये देतं, पण मजकूर आला त्याच संकेतप्रणालीत ठेवतं आणि ती कोणती हे `charsets` नावाच्या वेगळ्या रकान्यात सांगतं. तो रकाना न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये काही जुन्या मेल प्रोग्रॅममधून आलेली पत्रं प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन उमटतात.

मजकुरात आणखी एक अडचण असते. सदस्याने एक ओळ लिहिली, पण त्याच्या फोनने खाली सचिवांचा आधीचा मेल आणि त्याखाली स्वाक्षरी जोडली. पोस्टमार्कचा `StrippedTextReply` आणि मेलगनचा `stripped-text` हे रकाने फक्त नवा मजकूर वेगळा काढून देतात. पण तो शेवटी अंदाजच असतो. जुना मजकूर कुठे सुरू होतो हे ओळखायला हे प्रोग्रॅम 'अमुक तारखेला तमुकने लिहिलं' अशा धर्तीची ओळ शोधतात, आणि ती ओळ फोनच्या भाषेनुसार बदलते. त्यापेक्षा आपल्याच मेलच्या डोक्यावर 'या ओळीच्या वर उत्तर लिहा' अशी ठळक खूण ठेवून तिथे मजकूर कापणं भरवशाचं. झेंडेस्कने हीच युक्ती वर्षानुवर्षं वापरली. कापलेला भाग मात्र फेकू नये. उत्तर अर्धवट दिसलं तर मूळ पाहता आलं पाहिजे.

इथवर सगळं सरळ आहे. खरी चूक होते ती पुढे, अ‍ॅप सेवेला काय उत्तर देतं त्यात. अ‍ॅपने `200` हा आकडा परत केला की सेवेच्या लेखी पत्र पोचलं आणि तिची जबाबदारी संपली. तो आकडा आला नाही, तर ती पुन्हा प्रयत्न करते. पोस्टमार्क असे दहा प्रयत्न करतं आणि त्यांच्यातलं अंतर एका मिनिटापासून सहा तासांपर्यंत वाढवत नेतं.

समजा, सदस्याने गळतीचे चार मोठे फोटो जोडले. अ‍ॅपने मजकूर तक्रारीखाली लिहिला, मग फोटो लहान करायला घेतले आणि त्यात इतका वेळ गेला की सेवेने वाट पाहणं सोडलं. पुढच्या मिनिटाला तेच पत्र पुन्हा आलं आणि तक्रारीखाली 'रविवारी पाठवा' दोनदा उमटलं. याच्या उलट, आधी `200` देऊन मग मजकूर साठवायला घेतला आणि तेवढ्यात सर्व्हर बंद पडला, तर पत्र कायमचं गेलं. सदस्याला वाटतं कळवलं, सचिवांना वाटतं उत्तरच आलं नाही, आणि प्लंबर शनिवारी कुलूपबंद दारासमोर उभा.

यावरचा क्रम अनुभवी मंडळींनी ठरवून टाकला आहे. आलेला मजकूर काहीही न तपासता जसाच्या तसा साठवायचा, लगेच `200` द्यायचं आणि बाकीचं काम नंतर, मागच्या मागे करायचं. साठवताना `MessageID` वर 'हा आकडा दुसऱ्यांदा घेऊ नये' असं बंधन घातलं की दुबार पत्र आपोआप अडतं. रेल्समध्ये २०१९ साली आलेली अ‍ॅक्शन मेलबॉक्स ही सोय नेमकी अशीच चालते: मूळ मेल साठवायचा, काम रांगेत लावायचं आणि ते झाल्यावर ३० दिवसांनी मूळ प्रत पुसायची.

सवयीने होणारी एक चूक इथे सांगायलाच हवी. तक्रार ४१२ सचिवांनी काढून टाकली असेल आणि त्यावर उत्तर आलं, तर वेब प्रोग्रॅमर हमखास `404` परत करतो. ब्राउझरसाठी ते ठीक. इथे मात्र सेवेला ते अपयश वाटतं आणि ती त्याच पत्रासाठी तासन्‌तास दार ठोठावत राहते. असं काही चाललं आहे का, हे सेवेच्या नोंदवहीत कळतं. तिथे स्वीकारलेली पत्रं आणि आपल्याकडे साठलेली पत्रं यांचे आकडे जुळले पाहिजेत.

एक पाहुणा हमखास येतो: 'मी रजेवर आहे' हा आपोआप जाणारा मेल. अ‍ॅपने तो उत्तर समजून तक्रारीखाली लिहिला आणि 'नवं उत्तर आलं' म्हणून सदस्याला कळवलं, तर त्याचा मेल पुन्हा रजेचं उत्तर देतो, आणि दोन यंत्रांचा संवाद रात्रभर चालतो. २००४ च्या नियमांनुसार अशा मेलच्या शीर्षभागात `Auto-Submitted: auto-replied` अशी ओळ असायला हवी. ती दिसली की तक्रारीला हात न लावता पत्र बाजूला ठेवायचं. सगळेच प्रोग्रॅम हा नियम पाळत नाहीत, म्हणून एकाच व्यक्तीला एका तासात किती मेल जावेत यावरही मर्यादा हवी.

उरला विश्वासाचा प्रश्न. `From` मध्ये कुणाचंही नाव घालता येतं, त्यामुळे त्या एका रकान्यावर विसंबून 'हे सचिवच' असं मानणं धोक्याचं. पत्त्यातली गुप्त अक्षरंही पुरेशी नाहीत, कारण सदस्याने तो मेल शेजाऱ्याला पुढे पाठवला की ती त्याच्याकडेही गेली. दोन्ही जुळलं तरच उत्तर तक्रारीत जावं. एरवी ते सचिवांसमोर तपासणीसाठी थांबावं.

येणाऱ्या पत्त्याचा आणखी वेगळाच गैरवापर २०१७ मध्ये बेल्जियमच्या इंटी डे क्यूकेलायर या संशोधकाने दाखवून दिला. गिटलॅबवर मेल पाठवून नवी नोंद करता येत असे आणि त्यासाठी मिळणारा पत्ता चक्क `@gitlab.com` ने संपत असे. स्लॅकसारख्या ठिकाणी कंपनीच्या डोमेनचा पत्ता असला की त्या कंपनीचा माणूस मानून आत घेतलं जाई. त्याने तो पत्ता स्लॅकमध्ये दिला, खात्री करण्यासाठी स्लॅकने पाठवलेला मेल गिटलॅबवर नोंद होऊन त्याच्याच पुढ्यात आला आणि तो कंपनीच्या आतल्या गप्पांच्या दारापाशी पोचला. मेलचे भाग करणाऱ्या प्रोग्रॅमने आपलं काम बिनचूक केलं होतं. आलेला मजकूर बाहेरच्या माणसाला दाखवणारा पत्ता कर्मचाऱ्यांच्याच डोमेनवर होता, घोळ तिथे होता. सोसायटीच्या अ‍ॅपची उत्तरं `uttar.example.com` वर का यावीत आणि सचिवांचं पत्र मात्र `example.com` वरच का राहावं, याचं हे दुसरं कारण.