नियम असा हवा, जो ऐन वेळी आठवेल

वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात शिकवायला येणाऱ्या नव्या ताई-दादांच्या हातात अनेक संस्था पहिल्याच दिवशी आचारसंहितेचा कागद ठेवतात. त्यावर वीस-बावीस नियम असतात आणि बहुतेकांचा शेवट 'करू नये' असाच होतो. उशिरा येऊ नये. बेशिस्त वर्तन करू नये. मुलांशी अवाजवी जवळीक साधू नये. गोपनीयतेचा भंग करू नये. कॉलेजात शिकणारी स्वयंसेविका तो कागद भराभर वाचते, खाली सही करते आणि कागद फायलीत जातो.

पुढच्या आठवड्यात दुसरीतलं एक पोर रडत येऊन तिच्या कमरेला मिठी मारतं. 'अवाजवी' म्हणजे किती, हे कागदानं सांगितलेलं नसतं. ती त्याला दूर लोटते तरी किंवा अवघडून तशीच उभी राहते. नियम तिनं मोडलेला नसतो, पण त्या क्षणी तो तिच्या उपयोगीही पडलेला नसतो. काय टाळायचं ते लिहिलं होतं, काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

गोपनीयतेच्या नियमात तर याहून मोठा धोका दडलेला असतो. समजा, सातवीतली एक मुलगी वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळते आणि म्हणते, "ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं." ताई "नाही सांगणार" म्हणते. मुलगी सांगते की शेजारचा एक माणूस तिला नको तिथे हात लावतो. आता 'गोपनीयतेचा भंग करू नये' हे ताईला आठवतं आणि मुलीला दिलेला शब्दही आठवतो. दोन्ही तिला गप्प बसायला सांगतात. कायदा मात्र नेमकं उलट सांगतो. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२च्या 'पोक्सो' कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या कुणाही माणसानं तो स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्या प्रौढाला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. चांगल्या हेतूनं लिहिलेला मोघम नियम इथे मुलीला एकटं पाडतो आणि स्वयंसेविकेला अडचणीत आणतो.

हाच नियम नव्यानं लिहायला बसलं, तर विचारायचा प्रश्न एकच: या घडीला तिनं काय करायचं? उत्तर असं लिहिता येतं: 'मूल काही सांगू लागलं तर शांतपणे ऐका. "तुला मदत मिळावी म्हणून मला मोठ्या ताईंना सांगावं लागेल" हे त्याला आधीच सांगा. त्याच संध्याकाळी समन्वयकांना फोन करा. बाकी कुणाशीही त्याबद्दल बोलू नका.' यात गोपनीयता गेलेली नाही. ती कुणापासून राखायची आणि कुणापाशी बोलायचं, एवढं स्पष्ट झालं. बोलायचं वाक्यसुद्धा आयतं दिलं आहे, कारण अशा वेळी नेमके शब्द सुचत नाहीत. पोलिसांपर्यंत जाण्याची वाट समन्वयकांच्या कागदावर सविस्तर हवी. स्वयंसेवकाच्या कागदावर त्यांचा फोन नंबर आणि ते न भेटल्यास १०९८ ही चाइल्डलाइन, एवढं पुरतं.

वागणुकीचा नियम नेमक्या क्षणाला बांधण्याचं एक गाजलेलं उदाहरण रुग्णालयांतलं आहे. 'स्वच्छता राखा' असं बजावून डॉक्टर-परिचारिकांचे हात वेळच्या वेळी धुतले जात नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाच क्षण ठरवून दिले: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा शरीरातल्या द्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. हाताला पाच बोटं, तसे पाच क्षण. ते सगळे रुग्णाच्या खाटेभोवती घडतात, म्हणून काम करता करताच आठवतात.

अभ्यासवर्गाची आचारसंहिताही अशीच संध्याकाळच्या क्रमानं लावता येते. येताना: वर्गाच्या दहा मिनिटं आधी पोहोचा, जमणार नसेल तर दुपारी दोनच्या आत समन्वयकांना कळवा. वर्गात: प्रत्येक मुलाला नावानं हाक मारा, मूल बिलगलं तर पाठीवर थोपटा आणि शेजारी बसवा. एकट्या मुलाशी बोलताना: दार उघडं ठेवा आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला दिसेल असे बसा. मुलानं काही गंभीर सांगितलं तर: ऐका, सांगा, फोन करा. निघताना: शेवटचं मूल घरच्यांबरोबर गेल्यावरच दोघांनी मिळून कुलूप लावा. वीस-बावीस कलमांच्या जागी पाच टप्पे उरले आणि त्यांचा क्रम पाठ करावा लागत नाही, कारण संध्याकाळ रोज त्याच क्रमानं पुढे सरकते.

'उशिरा येऊ नये' हा नियम इथे कसा बदलला, ते पाहण्यासारखं आहे. जुन्या नियमात ट्रेन चुकलेल्या मुलाला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तो गुन्हेगारासारखा गप्प राहायचा आणि तीस मुलं बंद दारापाशी थांबायची. नव्या नियमात दुपारी दोनची वेळ आहे ती बदली माणूस शोधायला सवड मिळावी म्हणून. नियमामागचं कारण असं त्याच्या पोटातच असलं, की तो पाळणाऱ्यालाही पटतो.

सगळंच सकारात्मक भाषेत मात्र लिहू नये. मुलांना मारणं, लैंगिक वर्तन, पालकांकडून पैसे घेणं, दारू पिऊन येणं या गोष्टींना 'मुलांशी आदरानं वागा' असं गोड रूप दिलं, तर मनाई पातळ होते आणि उद्या कारवाई करताना संस्थेच्या हातात काही उरत नाही. ब्रिटनमधली स्काउट संघटना प्रत्येक प्रौढ कार्यकर्त्याला खिशात मावेल असं पिवळं घडीचं कार्ड देते. त्यावर काय करायचं याची यादी आहे, तशीच काय करायचं नाही याचीही आहे. अभ्यासवर्गाच्या कागदावरही पाच टप्प्यांखाली चार ठाम 'कधीच नाही' असावेत आणि ते मोडल्यास काय होईल, हेही शेजारीच लिहावं. मनाई मोजक्या असल्या की त्यांचं वजन राहतं.

हे काम कार्यालयात बसून एकट्यानं होत नाही. आधी जुन्या स्वयंसेवकांना विचारून गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुठे कुठे अडचण झाली ते प्रसंग लिहून काढावेत. मग जुन्या यादीतला एकेक नियम त्या प्रसंगांपुढे ठेवावा. ज्या नियमाला एकही प्रसंग जुळत नाही आणि कायद्यालाही तो लागत नाही, तो गाळावा. उरलेल्यांत डोळ्यांना दिसेल अशी कृती शोधावी. 'संवेदनशील राहा' हे दिसत नाही, 'नावानं हाक मारा' हे दिसतं.

मसुदा तयार झाला की तो कधीच न पाहिलेल्या तिघा-चौघांना वाचायला द्यावा. दोन दिवसांनी कागद न दाखवता प्रसंग सांगावा: सात वाजून गेले, एका मुलाला न्यायला कुणी आलेलं नाही, तुझ्याबरोबरचा दादा घाईत आहे, काय करशील? तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची आली, तर चूक त्यांच्या स्मरणशक्तीची धरू नये. ते वाक्य पुन्हा लिहावं आणि पुन्हा नव्या माणसांना विचारावं.